फोटोतली बॅटरी ओळखताना

दुकानदाराला मोबाईलवर जुन्या बॅटरीचा फोटो पाठवला, की तो आधी लेबलवरचा कोड शोधतो. समजा, तिथे 38B20L असं छापलं आहे. अनेकांना ३८ म्हणजे अँपिअर-अवर वाटतात, पण हा आकडा कामगिरीची श्रेणी सांगतो. या कोडच्या बॅटरीची क्षमता सहसा ३५ अँपिअर-अवर असते आणि ती लेबलवर वेगळी लिहिलेली असते.

B हे अक्षर रुंदी-उंचीचा गट दाखवतं, म्हणजे सुमारे १२९ आणि २०३ मिलिमीटर. २० ही सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी.

खरी फसगत शेवटच्या अक्षरात होते. बॅटरीचे टर्मिनल आपल्याकडच्या कडेला ठेवून पाहिलं, तर L प्रकारात धन टर्मिनल उजवीकडे येतं आणि R प्रकारात डावीकडे. पलीकडच्या बाजूने काढलेल्या फोटोत हे नेमकं उलट दिसतं. चुकीची बॅटरी आणली, तर गाडीची वायर टर्मिनलपर्यंत पोचत नाही. उलटी जोडली गेली, तर फ्यूज उडतो किंवा महागडी उपकरणं जळतात.

त्यामुळे टर्मिनलच्या बाजूने, + आणि − स्पष्ट दिसतील असा फोटो काढावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि कोड गाडीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा. आधीच्या मालकाने चुकीची बॅटरी बसवलेली असू शकते.