फेसबुकची नोटीस आली, तर आधी निर्बंध कोणावर ते पाहा

हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागातील बऱ्याच कापड दुकानदारांनी आता फेसबुकवर आपल्या दुकानाचे पान उघडले आहे. नवीन माल आला की फोटो टाकायचा, सणाच्या व लग्नसराईच्या आधी थोडे पैसे भरून जाहिरात चालवायची, अशी पद्धत पडली आहे. मग ऐन मोसमात एके दिवशी जाहिरात चालत नाही, पडद्यावर इंग्रजी नोटीस दिसते आणि दुकानदार समजतो की आपले पानच बंद झाले. बहुतेक वेळा तसे नसते. नोटीस नेमकी कोणाला लागू आहे आणि तिच्यात काय काय थांबवले आहे, एवढे नीट वाचले तर अर्धी घबराट तिथेच संपते.

पाहण्याच्या जागा दोन आहेत. पहिली खुद्द पानाची. आपल्या नावाच्या खात्यातून पानाच्या खात्यात जावे, तेथे 'Professional dashboard' उघडावा आणि 'Page Status' पाहावे. काही फोनवर हेच 'Page quality' या नावाने मिळते. पानावर निर्बंध नाही, काही अडचण आहे, की निर्बंध लागलेला आहे, हे तेथे सरळ लिहिलेले असते. कोणती पोस्ट काढली गेली व कोणत्या नियमाखाली, तेही खाली दिसते.

दुसरी जागा जाहिरातीच्या कारभाराची. तिला पूर्वी 'Account Quality' म्हणत, आता 'Business Support Home' म्हणतात. फोनपेक्षा संगणकावर facebook.com/business-support-home असा पत्ता टाकून उघडणे सोयीचे पडते. येथे एकाच पडद्यावर चार निरनिराळ्या गोष्टींची स्थिती मांडलेली असते: तुमचे स्वतःचे खाते, जाहिरातीचे खाते, व्यवसायाचे खाते आणि पान. या चौघांना एकच समजणे ही मोठी गफलत आहे. पेढीच्या भाषेत सांगायचे तर मालक, खतावणी, पेढी आणि दुकानावरची पाटी या चार वेगळ्या वस्तू आहेत. खतावणीवर हरकत आली म्हणून पाटी उतरवावी लागत नाही.

समजा, वसमतच्या एका साडीच्या दुकानाचे पान आहे. पान वडील व मुलगा दोघांच्या ताब्यात आहे, पण जाहिराती मुलगाच चालवतो. ईदला तीन आठवडे उरले असताना जाहिरातीचे बटण चालेनासे होते. 'Page Status' मध्ये पाहिले तर पानावर काहीही निर्बंध नाही. दुसऱ्या पडद्यावर जाहिरातीचे खातेही ठीक आहे, पैसे थकलेले नाहीत. निर्बंध आहे तो मुलाच्या स्वतःच्या खात्यावर, जाहिरात करण्यापुरता.

आता नोटिशीत काय लिहिलेले असते ते पाहू. वर काय झाले व कोणता नियम मोडला असे कंपनीला वाटते ते असते. त्याखाली थांबवलेल्या गोष्टींची यादी असते आणि खरे महत्त्व या यादीला आहे. मुलाच्या नोटिशीत असे निघते की या खात्यातून नवीन जाहिरात करता येणार नाही, चालवता येणार नाही, आणि जाहिरातीच्या खात्यांचा कारभार पाहता येणार नाही. पोस्ट टाकणे, गिऱ्हाइकाच्या संदेशाला उत्तर देणे याबद्दल यादीत काही नाही. म्हणजे ते चालू आहे. जे यादीत लिहिले तेवढेच बंद, हा वाचण्याचा कायदा.

पानावरच निर्बंध असेल तर यादी वेगळी असते. पान नवीन लोकांना सुचवले जाणार नाही, पोस्ट कमी लोकांपर्यंत पोचतील, थेट प्रसारण करता येणार नाही, अशी कलमे तेथे येतात. यातले पहिले कलम दुकानदाराच्या लक्षात लवकर येत नाही, कारण सर्व काही चालू दिसते, फक्त गिऱ्हाईक वाढत नाही. यादीशेजारी निर्बंध कधी सुटणार ती तारीख असते. तारीखच नसेल तर फेरतपासणी मागितल्याशिवाय तो सुटेल असे धरू नये.

मुदतीचा हिशोब कंपनीने फेब्रुवारी 2023 मध्ये बदलला. सामान्य खात्यावर नियमभंगाच्या नोंदी जमत जातात. पहिल्या नोंदीला समज, सहापर्यंत फार तर एखादी सोय काही काळ बंद. सातव्या नोंदीला 1 दिवस काहीही टाकता येत नाही, आठवीला 3 दिवस, नववीला 7 आणि दहावीपासून 30 दिवस. नोंद एका वर्षानंतर धरली जात नाही. गंभीर प्रकारात ही पायरी लागू नाही. जाहिरातीवरचे निर्बंधही या हिशोबात बसत नाहीत, त्यांचे नियम वेगळे आहेत.

कापडाच्या धंद्यात नोंदी कशाने होतात? आमच्या पाहण्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. एक, नामांकित कंपनीच्या नावाने 'फर्स्ट कॉपी' म्हणून माल दाखवणे. दुसरी, दुसऱ्याचे फोटो किंवा सिनेमातील गाणे न विचारता वापरणे. ठोक व्यापाऱ्याने माल दिला म्हणजे त्याच्या कॅटलॉगचे फोटोही दिले असे नाही. अशा तक्रारीच्या नोटिशीत तक्रारदाराचे नाव, त्याचा ईमेल व तक्रारीचा क्रमांक दिलेला असतो. तेथे कंपनीशी वाद घालण्यापेक्षा तक्रारदाराला लिहून तक्रार मागे घ्यायला लावणे अधिक सोपे जाते.

वसमतच्या मुलाकडे परत येऊ. नोटिशीखाली 'Request review' हे बटण आहे. ते दाबल्यावर फोनवर आलेला अंक आणि ओळखपत्राचा फोटो मागितला जातो. येथे आपल्याकडची पुष्कळ दुकाने अडतात. मुलाने स्वतःचे खाते दुकानाच्या नावाने काढले आहे आणि आधार कार्डावर त्याचे स्वतःचे नाव आहे. दोन्ही जुळत नाही, म्हणून अर्ज परत येतो. स्वतःचे खाते माणसाच्या खऱ्या नावाने आणि दुकानाच्या नावाने फक्त पान, हे निर्बंध लागण्याच्या आधीच नीट करून ठेवायचे काम आहे. दरम्यान वडिलांचे खाते आधीपासून पानाचे पूर्ण हक्कदार असेल तर ते आपल्या खात्यातून कारभार पाहू शकतात. निर्बंध चुकवण्यासाठी नवीन खाते काढले तर मात्र तो वेगळा नियमभंग ठरतो आणि मग पानही अडकते.

फेरतपासणीतही न्याय मिळाला नाही तर भारतात आणखी एक दार आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 24 तासांत पोच द्यायची आणि 7 दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील करता येते. या समित्या 2023 मध्ये स्थापन झाल्या. नोटिशीच्या पडद्याचा फोटो व अर्जाची तारीख जपून ठेवलेली असेल तरच तेथे काही मांडता येते.

आणि नोटीस खरी की खोटी? "तुमचे पान 24 तासांत बंद होईल, येथे दाबा" असे संदेश मेसेंजरवर सर्रास येतात. खाली फेसबुकची खूण लावलेली असते, पण दुवा दुसरीकडे नेतो आणि पासवर्ड मागतो. खरी नोटीस वर सांगितलेल्या दोन जागांवर दिसतेच. ईमेल आला असेल तर 'Accounts Center' मध्ये 'Password and security' खाली 'Recent emails' उघडावे. कंपनीने पाठवलेले अलीकडचे ईमेल तेथे नोंदलेले असतात. तेथे नसेल आणि दोन्ही पडद्यांवर काही दिसत नसेल तर तो संदेश पुसून टाकावा आणि दुवा कोणाला पुढे पाठवू नये.