पावसाळ्यात गल्ला भरतो, मार्चमध्ये खिसा रिकामा का होतो? भाजेच्या एका छोट्या हॉटेलचा वर्षभराचा हिशोब

पुण्याहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्सप्रेस वे ओलांडायचा आणि चालत भाजे गाठायचं. जून ते सप्टेंबर या वाटेवर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. लेण्यांजवळचा धबधबा, वर लोहगड आणि विसापूर. त्यात जुलै २०२५ मध्ये लोहगडाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

ही गर्दी बघून कुणालाही वाटेल, की इथे पिठलं-भाकरी आणि कांदाभजीचं छोटं हॉटेल टाकलं तर चालणारच. आणि चालतंही. पण पहिल्या वर्षात असं हॉटेल अडचणीत येतं ते बहुतेक वेळा पावसाळ्यात नाही, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा गिऱ्हाईक नसतं, पण भाडं, पगार आणि बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेला दारात उभे असतात.

ही वेळ येणार की नाही, हे धंदा सुरू करण्याआधीच कागदावर दिसू शकतं. त्यालाच कॅश फ्लोचा अंदाज म्हणतात. कुठल्या महिन्यात किती रोकड येईल, किती जाईल आणि महिनाअखेरीस हातात किती उरेल, एवढंच त्यात मांडायचं असतं. फक्त तो एकदा नाही, तीनदा मांडायचा. सगळं छान झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि वाईट झालं तर.

आधी दोन आकडे काढायचे

उदाहरणासाठी भाजेतलं एक काल्पनिक हॉटेल घेऊ. घरचे २ लाख आणि बँकेचं ३ लाख कर्ज, असे ५ लाख जमले. शेड, शेगडी, भांडी, टेबलं आणि जागेचं डिपॉझिट यात ३ लाख ६० हजार गेले. म्हणजे १ मे रोजी हॉटेल उघडलं तेव्हा हातात १ लाख ४० हजार रुपये आहेत.

पहिला आकडा दर महिन्याला ठरलेल्या खर्चाचा. भाडं १० हजार, आचारी आणि मदतनीस मिळून २४ हजार, वीज-पाणी आणि किरकोळ ४ हजार. कर्जाचा हप्ता १२ टक्के व्याजाने ३ वर्षांसाठी साधारण १० हजार. आणि घरखर्चाला १२ हजार. एकूण ६० हजार. घरखर्च अनेक जण मांडतच नाहीत. पण घर गल्ल्यातूनच चालत असेल, तर तोही जाणारा पैसाच आहे.

दुसरा आकडा एका गिऱ्हाइकामागे काय उरतं याचा. सरासरी बिल २०० रुपये धरलं आणि किराणा, भाजी, गॅस यात निम्मे गेले, तर १०० रुपये उरतात.

आता गणित सोपं झालं. ६० हजारांचा खर्च भरून काढायला महिन्याला ६०० गिऱ्हाइकं लागतात, म्हणजे रोज २०. त्याच्या वर गेलं तर गल्ला वाढतो, खाली आलं तर घटतो.

गिऱ्हाइकं वर्षाची नाही, महिन्याची मोजायची

इथे सर्वात मोठी चूक होते. वर्षाला ८,१०० गिऱ्हाइकं येतील असं धरून १२ ने भागलं, तर महिन्याला ६७५ येतात आणि सगळं छान दिसतं. पण भाजेत गिऱ्हाईक असं सारखं वाटलेलं येत नाही.

जुलैचा अंदाज असा काढता येईल. शनिवार-रविवारचे ८ दिवस रोज १२०, म्हणजे ९६०. उरलेल्या २३ दिवसांत रोज २३-२४, म्हणजे सुमारे ५४०. मिळून १,५००. याच पद्धतीने ऑगस्टला १,४००, सप्टेंबरला ९००. थंडीत ट्रेकवाले आणि शाळांच्या सहली येतात, म्हणून डिसेंबरला ६५०. उन्हाळ्यात गड तापलेला असतो, म्हणून मार्चला ३०० आणि एप्रिलला २५०.

हे आकडे घरी बसून ठरवायचे नाहीत. एखाद्या रविवारी आणि एखाद्या मंगळवारी शेजारच्या टपरीसमोर बसून माणसं मोजली, तर अंदाज बराच खरा निघतो.

तीन चित्रं कशी काढायची?

नेहमीच्या आकड्यात २० टक्के वाढवले की चांगलं चित्र, २० टक्के कमी केले की वाईट, असं बरेच जण करतात. त्यातून फारसं काही कळत नाही. प्रत्येक चित्रामागे घडू शकेल असं एक कारण हवं.

वाईट चित्रासाठी मावळात कारण शोधत बसावं लागत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने मावळातल्या अनेक पर्यटनस्थळांवर ३१ जुलैपर्यंत प्रतिबंधात्मक आदेश लावले. पुढच्याच वर्षी १५ जूनला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल कोसळला. त्याआधी २०२० चा पावसाळा तर कोरोनाच्या निर्बंधांतच गेला. जीव वाचवण्यासाठी बंदी लागणं योग्यच. पण हॉटेलवाल्यासाठी त्याचा अर्थ असा, की वर्षातला सर्वात मोठा महिना जाऊ शकतो. म्हणून वाईट चित्रात जुलैची गिऱ्हाइकं १,५०० ऐवजी २५० धरली आणि पुढचे महिनेही थोडे मंद धरले.

चांगल्या चित्रालाही मर्यादा असते. ८ टेबलं म्हणजे ३२ खुर्च्या. दिवसभरात त्या पाच वेळा भरल्या तरी १६० लोक. रांग कितीही लांब असली, तरी जुलैचा आकडा १,९०० च्या पुढे नेता येत नाही. शिवाय एवढी गर्दी सांभाळायला जुलै आणि ऑगस्टमध्ये दरमहा १० हजारांची जादा माणसं लागतात. तीही मांडायची.

महिनाअखेरीस हातात उरणारी रोकड अशी दिसते (हजार रुपयांत):

| महिना | वाईट | नेहमीचं | चांगलं |
|---|---|---|---|
| मे | १०५ | ११० | ११५ |
| जून | ९५ | १२० | १४५ |
| जुलै | ६० | २१० | २६५ |
| ऑगस्ट | ९० | २९० | ३७५ |
| सप्टेंबर | १०० | ३२० | ४२५ |
| ऑक्टोबर | ८० | ३१० | ४२५ |
| नोव्हेंबर | ६५ | ३०५ | ४३५ |
| डिसेंबर | ५५ | ३१० | ४५५ |
| जानेवारी | ४५ | ३१० | ४६५ |
| फेब्रुवारी | २० | २९५ | ४५५ |
| मार्च | –१५ | २६५ | ४३० |
| एप्रिल | –५५ | २३० | ४०० |

हा तक्ता वाचायचा कसा?

शेवटची ओळ नाही, प्रत्येक रकान्यातला सर्वात खालचा आकडा आधी बघायचा. वाईट चित्रात मार्चमध्ये पैसे संपतात आणि एप्रिलअखेर ५५ हजार कमी पडतात. तिथेच थांबून चालत नाही. पुढचा मे ३५ हजारांचा आणि जून १० हजारांचा खड्डा पाडतो. म्हणजे दुसरा पावसाळा येईपर्यंत एकूण १ लाख कमी पडतात. ते कुठून येणार, याचं उत्तर हॉटेल उघडण्याआधी हवं.

आता मधला रकाना. सप्टेंबरअखेर हातात ३ लाख २० हजार आहेत. दसरा-दिवाळी तोंडावर असते आणि आणखी एक शेड घालावी असं वाटतं. समजा त्यात अडीच लाख घातले. उरले ७० हजार. त्यानंतर सगळं अगदी अंदाजाप्रमाणे झालं, तरी मार्चअखेर १५ हजार उरतात आणि एप्रिलमध्ये २० हजार कमी पडतात. धंदा वाईट चालला नाही, तरी हप्ता चुकतो. ऑक्टोबर ते मे या काळात ऐन पावसाळ्यातल्या कमाईतले १ लाख २० हजार खर्च व्हायचे असतात. ते बाजूला ठेवून जे उरेल, तेवढंच मोकळं.

चांगल्या चित्रातही एक गाठ आहे. वर्षाला १०,००० गिऱ्हाइकं म्हणजे २० लाखांची विक्री. हीच जीएसटी नोंदणीची सीमा आहे. ती ओलांडली की नोंदणी आणि कर आला. म्हणून हे चित्र खरं होताना दिसलं, तर डिसेंबरमध्येच हिशोबनिसाशी बोलून घेतलेलं बरं.

पैसा कधी येतो, तेही महत्त्वाचं

समजा नोव्हेंबरमध्ये सहलीची १०० मुलं जेवून गेली. बिल २० हजार. सहल आणणाऱ्याने पैसे जानेवारीत दिले. मग नोव्हेंबरच्या रकान्यात फक्त जाणारे १० हजार लिहायचे आणि येणारे २० हजार जानेवारीत. विक्री झाली त्या दिवशी नाही, पैसे हातात आले त्या महिन्यात नोंद करायची. थंडीत आधीच गल्ला पातळ असतो. तेव्हा अशा दोन-तीन उधाऱ्या पुरेशा होतात. सहलीच्या जेवणाला निम्मे पैसे आगाऊ मागण्यामागे हेच कारण असतं.

वाईट चित्राकडे चाललोय, हे कळतं कधी?

हा अंदाज करून कपाटात ठेवला तर त्याचा उपयोग नाही. दर महिन्याच्या १ तारखेला खरी रोकड तक्त्याशेजारी लिहायची. जुलैअखेर नेहमीच्या चित्रात २ लाख १० हजार आहेत, वाईट चित्रात ६० हजार. खरा आकडा ८०-९० हजार निघाला, तर मार्चची वाट बघायची गरज नाही. सात महिने आधीच इशारा मिळाला.

मग काय करायचं, तेही आधीच लिहून ठेवता येतं. ऑक्टोबरपासून मदतनीस फक्त शनिवार-रविवारी बोलावला आणि महिन्याला १० हजार वाचले, तर पुढच्या जूनपर्यंत ९ महिन्यांत ९० हजार होतात. घरखर्चातून दरमहा ३ हजार कमी केले, तर आणखी २७ हजार. एकूण १ लाख १७ हजार, म्हणजे १ लाखाची तूट भरून निघते. मदतनिसाला मात्र हे कामावर ठेवतानाच सांगायला हवं. जागामालकाशी पावसाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी भाडं ठरवता आलं, तर ओझं आणखी हलकं होतं. पण ही बोलणी करार करताना होतात, भाडं थकल्यावर नाही.

तीन चित्रांपैकी नेमकं कुठलं खरं होईल, हे तक्ता सांगत नाही. तिन्ही आकड्यांची सरासरी काढूनही ते कळत नाही, कारण बंदी अर्धी लागत नसते. एक गोष्ट मात्र तक्ता नक्की सांगतो. हातात १ लाख ४० हजार घेऊन उघडलेलं हे हॉटेल एक बुडालेला जुलै सहन करू शकत नाही, आणि २ लाख ४० हजार असतील तर करू शकतं. तो जादा लाख जमत नसेल, तर ८ ऐवजी ५ टेबलांनी सुरुवात करून शेडवरचा खर्च कमी करायचा, की खर्च कपातीची यादी तयार ठेवून जोखीम घ्यायची, हे एप्रिलमध्येच ठरवावं लागतं. पाऊस सुरू झाल्यावर हिशोब करायला कुणाला वेळ नसतो.