न दुखणाऱ्या जखमेची चिठ्ठी

गावातील आशा सेविका एखाद्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविते तेव्हा त्याच्या हाती एक चिठ्ठी देते. सरकारी भाषेत तिला संदर्भ चिठ्ठी म्हणतात. 'पायाला जखम, बरी होत नाही, पुढील उपचारासाठी रवाना' एवढ्या मजकुरावर पुष्कळदा ती संपते. अशी चिठ्ठी घेऊन आलेल्या मजुराला मलमपट्टी होते, प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळतात, आणि महिन्याभराने तो तीच जखम घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. यात दोष नेहमी डॉक्टरच्या अज्ञानाचा नसतो. जखमेबद्दल जे गावातच कळण्यासारखे होते, ते चिठ्ठीतून पुढे गेलेलेच नसते.

गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. पावसाळ्यात रोवणीसाठी दिवसेंदिवस चिखलात पाय, उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी जंगल, उरलेल्या काळात राईस मिलमधील हमाली. पायाला लागणे, कापणे, सोलवटणे हे येथील मजुराच्या लेखी आजार या सदरात येतच नाही. शिवाय पूर्व विदर्भाचा हा पट्टा कुष्ठरोगाचा जुना पट्टा आहे. डिसेंबर २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोग्यांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले आणि 'निर्मूलन' झाल्याचे जाहीर झाले. तो शब्द थोडा घाईचाच होता. रोगी कमी झाले हे खरे, पण रोग संपला नव्हता, आणि बऱ्या झालेल्या माणसांचे बधिर पाय तर कोणत्याच आकड्यात मोजले जात नव्हते.

एक उदाहरण घेऊ. माणूस विशिष्ट नाही, पण असे पुष्कळ असतात. वय पंचेचाळीस, राईस मिलमध्ये पोती वाहण्याचे काम. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी जखम. सेविकेने विचारले तर तो म्हणतो, ''दुखत नाही न ताई, वास येते म्हणून घरचे बोलतात.'' सगळे निदान या एका वाक्यात दडलेले आहे. एवढी खोल जखम घेऊन जो माणूस दिवसभर ओझे वाहतो आणि लंगडत नाही, त्याच्या पायातील संवेदना गेलेली असली पाहिजे. निरोगी माणसाला खडा टोचला की तो नकळत पाऊल तिरके टाकतो. याचे पाऊल त्याच जागी, त्याच भाराने, हजारो वेळा पडत राहते. आधी घट्टा पडतो, मग घट्ट्याखाली रक्त साकळते, मग कातडी फुटते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे रोग थेट खात नाही. वेदना नाहीशी झाल्यामुळे त्यांची राखण करणारे कोणी उरत नाही, म्हणून ती झिजतात.

आता आजकाल चिठ्ठीसोबत मोबाईलवरील छायाचित्रही जाते. ही सोय मोठी आहे, परंतु छायाचित्रात वेदना दिसत नाही आणि वेदनेचा अभावही दिसत नाही. म्हणून ती चाचणी शब्दांतच लिहावी लागते. तिला लागते फक्त एक बॉलपेन. रुग्णाने डोळे मिटायचे, सेविकेने तळव्यावर तीनचार ठिकाणी पेनचे टोक हलकेच टेकवायचे आणि जेथे स्पर्श झाला तेथे त्याने बोट ठेवायचे. दुसऱ्या पायावरही तसेच. हे करण्याआधी त्याच्या हातावर एकदा करून दाखवावे, नाहीतर भिडस्त माणूस अंदाजाने होकार देत राहतो.

छायाचित्राचेही काही नियम आहेत. जखम स्वच्छ पाण्याने धुवून, पट्टी बांधण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात, फोन जखमेच्या बरोबर समोर धरून ते घ्यावे. तिरके घेतले की जखम लहान दिसते. शेजारी, कातडीच्याच पातळीवर, सेंटिमीटरची कागदी पट्टी आणि तारीख असावी. एक चित्र जवळून आणि एक संपूर्ण पाऊल दिसेल असे. रुग्णाची परवानगी घ्यावी, चेहरा घेऊ नये. कुष्ठरोगाची नुसती शंका गावात फुटली तरी माणसाचे काय होते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

मोजमापात सर्वांत मोठी लांबी आणि तिच्याशी काटकोनात सर्वांत मोठी रुंदी. आपल्या हमालाची जखम ३ सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद, म्हणजे गुणाकार ६. चार आठवडे मलमपट्टी करून पुन्हा मोजली तर २.८ आणि २, गुणाकार ५.६. रुग्ण म्हणेल, 'जरा बरी वाटते.' पट्टी धरणारा हात म्हणेल, भरत नाही. एवढ्या काळात आकार निम्म्यावर आला नाही तर उपचार बदलायला हवा, असा ढोबळ हिशेब मधुमेहाच्या जखमांवरून बसला आहे. आकडा नसेल तर हा हिशेब मांडायचा कशावर?

मग जागा आणि कडा. तळव्यावरची, घट्ट्याच्या जाड कडेने वेढलेली, न दुखणारी जखम मज्जातंतूंकडे बोट दाखविते. कारण कुष्ठरोग किंवा मधुमेह, म्हणून रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. घोट्याजवळची, बरीच दुखणारी जखम तरुण वयात असेल तर या भागात सिकलसेलचा विचार करावा. घोट्याच्या आतल्या बाजूस, काळवंडलेल्या कातडीत आणि फुगलेल्या शिरांजवळ असेल तर दोष शिरांचा. वर्षानुवर्षांच्या जखमेची कडा फुलकोबीसारखी उलटून वर आली, लगेच रक्त येऊ लागले, तर कर्करोगाची शंका घेऊन कडेचा तुकडा तपासणीला पाठविणे भाग आहे. ही नावे सेविकेने लिहावीत असे नाही. किंबहुना लिहूच नयेत. 'सडलेली जखम' किंवा 'शुगरची जखम' अशा शिक्क्याने पुढच्याची नजर बांधली जाते. तिने पाहिलेले लिहावे:

'पुरुष, ४५, राईस मिल हमाल. उजवा तळवा, अंगठ्याच्या मुळाशी जखम, ७ महिने. ३ बाय २ सें.मी. कडा जाड व कडक. तळ फिकट, पाणी झिरपते, वास आहे. हाड दिसत नाही. दुखत नाही. पेनचा स्पर्श उजव्या तळव्यावर चार ठिकाणी समजला नाही, डाव्यावर समजला. पाय कोरडा, भेगा. बधिरपणा सुमारे २ वर्षे. पाठीवर एक फिकट चट्टा. पूर्वी कुष्ठरोगाची औषधे घेतलेली नाहीत. ताप नाही, पाय सुजलेला नाही. फोटो २.'

यातील 'बधिरपणा सुमारे २ वर्षे' हे शब्द वरवर फालतू वाटतील. पण मज्जातंतूंची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोनने ती पुष्कळदा सुधारते. जुनी असेल तर बहुऔषधोपचाराने जंतू मरतात, संवेदना परत येत नाही. म्हणजे या हमालाचा पाय बहुधा जन्मभर बधिर राहणार, आणि औषध संपल्यावरही जखमेचा धोका राहणार. उलट, ताप आणि सूज असती तर ही चिठ्ठी सावकाशीची न राहता त्याच दिवशीची झाली असती.

या जखमेवरचा खरा उपचार मलमात नाही. साधी, हाडापर्यंत न गेलेली तळव्याची जखम पायावरचा भार काढला तर सहसा सहा ते आठ आठवड्यांत भरते. पाऊल प्लास्टरमध्ये ठेवतात, कडेचा घट्टा खरवडतात, नंतर मऊ रबराची एम.सी.आर. चप्पल देतात. अडचण अशी की सहा आठवडे पोते न उचलणारा हमाल सहा आठवडे मजुरीही घरी आणीत नाही. म्हणूनच तो रोवणी संपेपर्यंत थांबतो, किंवा प्लास्टर घेऊनच कामावर जातो. चिठ्ठीत व्यवसाय लिहायचा तो एवढ्यासाठी: 'विश्रांती घ्या' असे सांगणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हे कळावे, आणि मिलमालकाकडे बसून करण्याचे काम मागता येईल का, पोती शिवण्याचे, मोजणीचे, याची चौकशी गावात कोणीतरी करावी.

चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग डॉक्टरने भरून परत पाठवायचा असतो. तो बहुधा कोराच राहतो. सेविकेला जे परत कळायला हवे ते फार थोडे आहे: निदान काय झाले, पट्टी किती दिवसांनी बदलायची, प्लास्टर कोणत्या तारखेला काढायचे, आणि त्याला कोणत्या मापाची चप्पल दिली.