कपडा कशाने मरतो, त्यावर त्याचं बजेट

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमध्ये कापडाचा हिशेब पैशांत करायची सवय घरोघरी आहे. यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी पिकावर ठरते. पिक म्हणजे कापडात आडवा पडणारा एक धागा. इंचात किती पिक बसतात आणि किती मीटर उतरले, त्यावर पगार. मात्र हेच कापड साडी किंवा शर्ट होऊन घरात आलं की हिशेब फक्त दुकानातल्या किमतीचा होतो. कपड्याच्या दर वापरामागे किती रुपये पडतात, हे कुणी मांडत नाही.

मांडायची रीत सोपी आहे. किंमत, शिलाई, फॉल-पिको, ड्रायक्लीन, बाहेरची इस्त्री असा सगळा खर्च एकत्र करायचा आणि कपडा फाटेपर्यंत किंवा टाकेपर्यंत जितक्या वेळा अंगावर चढेल, तितक्याने भागायचा. अवघड आहे ती ही ‘जितक्या वेळा’. खरेदीच्या वेळी आपण ती हमखास फुगवून धरतो. म्हणून नव्या कपड्याचा अंदाज घरातल्या तशाच जुन्या कपड्यावरून घ्यावा. कपाटाच्या दारामागे कागद लावून दर वापराला एक रेघ ओढली, तर दोन-तीन महिन्यांत खरा आकडा दिसू लागतो.

समजायला सोयीचे आकडे धरू. लग्नाकार्यासाठी आठ हजारांचा शालू, ब्लाउज-फॉलचे हजार, दहा वर्षांत ड्रायक्लीनचे आणखी हजार. एकूण दहा हजार. दहा वर्षांत आठ वेळा नेसला, तर एका नेसण्याला 1,250 रुपये. रोजच्या वापरातली साडी 600 ची, वर 300 फॉल-ब्लाउजचे. आठवड्यातून एकदा अशी दोन वर्षं, म्हणजे साधारण शंभर वेळा नेसली, तर नऊ रुपये.

पण स्वस्त पडते तिथेच पैसे वाढवावेत, असा अर्थ यातून निघत नाही. बजेट वाटताना पाहायचं ते जादा रुपयांनी किती जादा वापर मिळतो हे. इथे कपडा कशाने मरतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

मागावर घालायच्या शर्टाचं बघा. त्याला कापडाची झीज मारत नाही, तेलाचे डाग आणि मागात अडकून बसणारे खोचे मारतात. 300 चा शर्ट 75 पाळ्या चालला तर पाळीला चार रुपये. 900 चा शर्ट त्याच तेलात गेला आणि 90 पाळ्या टिकला, तर जादा 600 रुपयांत 15 पाळ्या मिळाल्या, म्हणजे जादा पाळीला 40 रुपये. इथे महाग कापड घेण्यात काही अर्थ नाही. शाळेच्या गणवेशाचंही तसंच. तो फाटण्याआधी मूल वाढतं. तिथे भारी कापडापेक्षा शिंप्याकडून पँटीला आत दुमड जास्त ठेवून घेणं फायद्याचं.

रोजची साडी मात्र झिजूनच जाते. म्हणून तिथे चांगल्या विणीचा पैसा वसूल होतो. 600 ऐवजी 1,000 ची घेतली आणि ती 180 वेळा नेसली गेली, तर जादा 400 रुपयांत 80 वेळा, म्हणजे प्रत्येकी पाच रुपये. आधीच्या नऊ रुपयांपेक्षा हे स्वस्त. साडी आधी विरते ती खालच्या काठाला, जिथे ती जमिनीला आणि पायाला घासते. जुना फॉल काढून नवा लावायला 100 रुपये पडले आणि साडी आणखी 40 वेळा चालली, तर ते नेसणं अडीच रुपयांना पडतं. अख्ख्या वर्षाच्या कपडेखर्चात याहून फायद्याचा खर्च क्वचितच सापडेल.

किंमत जास्त म्हणजे वीण चांगली, हे मात्र गृहीत धरू नये. फिनिशिंगला खळ जास्त दिली की विरळ कापडही हाताला भरीव लागतं आणि पहिल्याच धुण्यात लोळागोळा होतं. कापडाचा कोपरा दोन बोटांत जोरात चोळावा. पांढरी भुकटी निघाली किंवा चोळलेली जागा मऊ पडली, तर तो भरीवपणा खळीचा. मग कापड उजेडासमोर धरावं, धाग्यांमधली फट कळते. माग चालवणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खरेदीला त्याला बरोबर न्यावं एवढंच.

शालूचं काय? 1,250 चा आकडा पाहून तो रद्द करावा, असं मला वाटत नाही. लेकीच्या लग्नात नेसलेल्या शालूची किंमत भागाकाराने ठरत नाही. पण दुसरा शालू घेताना हा आकडा समोर असावा. एक शालू जावा-जावांनी आळीपाळीने नेसला आणि ब्लाउज तेवढा जिचा तिने शिवला, तर आठाचे सोळा वापर सहज होतात. जुना ब्लाउज अंगाला येईनासा झाला म्हणून कित्येक शालू कपाटात पडून असतात. शिवताना आत कापड जादा ठेवायला सांगितलं, की तोच ब्लाउज पुढे उसवून सैल करता येतो.

वर्षाला वीस हजारांचं बजेट असलेल्या घरात नव्या शालूचे आठ हजार एक वर्ष पुढे ढकलले, तर त्यातल्या दोन हजारांत पाच रोजच्या साड्या प्रत्येकी 400 रुपयांनी वरच्या प्रतीच्या येतात. उरलेले सहा हजार शालूसाठी बाजूला राहतात.