एकोणऐंशी म्हणजे नेमके किती?

गृहनिर्माण सोसायटीत टाकीच्या पाइपचे काम झाले, की प्लंबर बिलबुकातले एक पान फाडून खजिनदाराच्या हातात ठेवतो. निळ्या बॉलपेनने, मराठीत लिहिलेले. असे एक बिल उदाहरणादाखल समोर ठेवू. तळाला एकूण रक्कम आहे ६,८८९ रुपये. त्याखाली लिहिले आहे, 'अक्षरी रुपये सहा हजार आठशे एकोणऐंशी मात्र'. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटते, कारण आकड्यात आठ दिसतो, नऊ दिसतो आणि शब्दातही 'ऐंशी' ऐकू येते. पण एकोणऐंशी म्हणजे ७९. ८९ लिहायचे असते तर 'एकोणनव्वद' हवे होते.

ही चूक निष्काळजीपणाची कमी आणि मराठी संख्यानामांच्या घडणीची जास्त आहे. 'एकोण'मध्ये 'ऊन' हा संस्कृत शब्द आहे. ऊन म्हणजे उणे, कमी. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. शब्द पुढच्या दशकाचे नाव घेतो आणि आकडा मात्र मागच्या दशकात बसतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हेच चालते. नव्व्याण्णव तेवढा वेगळा. नऊने संपणाऱ्या संख्येपाशी लिहिणाऱ्याचा हात कानाचे ऐकतो आणि दशक एकाने वाढते.

'पाऊण' आणि 'पावणे' हेही त्याच 'ऊन'च्या घरातले. पाव उणे ते पाऊण. म्हणून पावणेतीनशे म्हणजे २७५ आणि पावणेतीन हजार म्हणजे २,७५०. इथेही कानावर पडते तीन आणि लिहायचे असतात दोन. बाजारात तोंडी भाव ठरतो तो याच भाषेत आणि बिल लिहिताना तोच शब्द अक्षरी रकमेत उतरतो. सव्वा, दीड, अडीच आणि साडे यांत असा उलटा हिशेब नाही, पण एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे: हा अपूर्णांक त्याच्या पुढच्या शब्दाचा असतो. साडेपाचशेतला अर्धा भाग शंभराचा, म्हणजे पन्नास. साडेपाच हजारातला अर्धा भाग हजाराचा, म्हणजे पाचशे.

शब्दांचे आकडे करताना जुन्या हाताची माणसे कागदावर चार घरे आखतात: लाख, हजार, शे आणि उरलेले. मग छापील किंवा लिहिलेल्या आकड्याकडे न पाहता, नुसते शब्द वाचून घरे भरतात. आकडा आधी पाहिला, की डोळा शब्दातही तोच वाचू लागतो, म्हणून तो हाताने झाकलेलाच बरा. सहा हजार आठशे एकोणऐंशी: हजाराच्या घरात ६, शेच्या घरात ८, उरलेल्यात ७९. जे घर शब्दात आलेच नाही, तिथे शून्य. 'तीन हजार पाच'मध्ये शेचे घर रिकामे आहे आणि उरलेल्यांचे घर दोन अंकी आहे, म्हणून ३,००५. हेच कुणी ३०५ किंवा ३,०५० लिहून बसतो. बाराशे पन्नाससारखी रक्कम आली तर शेच्या घरात १२ बसतात. त्यातले दहा शे म्हणजे एक हजार डावीकडे सरकवला, की १,२५० तयार.

आता फरक काढायचा. आपल्या बिलात आकडा ६,८८९, शब्द ६,८७९, फरक बरोबर १०. हा फरक पुष्कळ काही सांगतो. नेमका दहाचा फरक आणि शेवटी नऊ असेल, तर आधी 'एकोण'वर संशय घ्यावा. नेमका शंभर किंवा हजाराचा फरक असेल आणि शब्दात 'पावणे' असेल, तर तिथे पाहावे. फरक ८, ८० किंवा ८०० आला, तर एकाच बिलात दोन लिप्यांचे आकडे मिसळले आहेत का ते तपासावे. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि एक व नऊ यांतला फरक आठ. तसेच मराठी ४ची वरची टोके जुळली, की तो इंग्रजी आठ वाटतो आणि फरक ४, ४० किंवा ४०० येतो. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर शेजारचे दोन अंक उलटे पडले असण्याची शक्यता मोठी: ५,४७०चे ५,७४० झाले तर फरक २७०. जास्तीचे शून्य पडले तरी फरकाला नऊने भाग जातो, पण तेव्हा भागाकार म्हणून मूळ रक्कमच हाती येते. ४५०चे ४,५०० झाले, तर फरक ४,०५० आणि त्याला नऊने भागले की पुन्हा ४५०.

हस्ताक्षराच्या खोड्या वेगळ्या. 'सात हजार' आणि 'साठ हजार' यांत फक्त त आणि ठ यांचे अंतर आहे आणि रकमेत त्रेपन्न हजारांचे. सगळ्यांत फसवा शब्द मात्र 'एकूण'. बोलताना एकोणसत्तरला पुष्कळजण 'एकुणसत्तर' म्हणतात आणि लिहितातही तसेच. अक्षरी रकमेच्या ओळीत 'एकुण सत्तर' असे तुटक लिहिलेले दिसले, तर ते एकंदर ७० की ६९, हे त्या ओळीवरून कळणार नाही.

अशा वेळी तिसरा साक्षीदार लागतो. तो बिलाच्या वरच्या भागातच असतो. प्लंबरच्या बिलात ३८५ रुपयांचे चार पाइप, म्हणजे १,५४०. ४२ रुपयांचे बारा एल्बो, ५०४. ६४० रुपयांचे दोन व्हॉल्व्ह, १,२८०. सोल्युशन आणि टेपचे १५५. दोन दिवसांची मजुरी रोजी १,७०० प्रमाणे ३,४००. बेरीज ६,८७९. शब्द बरोबर, आकडा चुकला. गुणाकारही पुन्हा करायचे असतात, कारण नुसती उभी बेरीज जुळली तरी एखाद्या ओळीतला दर गुणिले नग चुकलेला राहू शकतो.

'अक्षरी रक्कम तीच खरी' असे सर्रास ऐकू येते. त्याचा उगम १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ मध्ये आहे. पण तो नियम धनादेश, वचनचिठ्ठी आणि हुंडी यांच्यासाठी आहे. प्लंबरचे किंवा मंडपवाल्याचे बिल त्यात बसत नाही. धनादेशातही अंकी आणि अक्षरी रक्कम जुळली नाही, तर बँक तो सहसा परतच पाठवते. त्यामुळे बिलावर शब्दाला आंधळेपणाने मान देऊ नये. वरच्या ओळींची बेरीज ज्याच्या बाजूने, तो खरा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी वाचनपद्धत आली आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे ओझे कमी व्हावे, अशी बाजू मांडली होती. भाषेच्या बाजूने कुणी काहीही म्हणो, बिलापुरते बोलायचे तर 'सत्तर नऊ' लिहिणाऱ्याच्या हातून ८९ पडणे अवघड आहे.

चूक सापडल्यावर आकड्यावर आकडा गिरवू नये. लेखापरीक्षकाला गिरवलेला आकडा खाडाखोड म्हणूनच दिसतो. ६,८८९ वर एक आडवी रेघ मारावी, ती रक्कम वाचता येईल अशी ठेवून शेजारी ६,८७९ लिहावे आणि बिल देणाऱ्याची सही व तारीख तिथेच घ्यावी. ही सही धनादेश लिहिण्याआधी घ्यायची, नंतर नाही.