टी-स्कोअर सारखाच, उपचार मात्र वेगळे

समजा, दोन महिलांच्या डेक्सा तपासणीत मांडीच्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर उणे २ आला. एकीचे वय ५२, दुसरीचे ७२. दुसरीचे मनगट तीन वर्षांपूर्वी घरात घसरून मोडले होते. दोघींच्या अहवालावर शेरा एकच: ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे हाडांची घनता कमी, परंतु ऑस्टिओपोरोसिस नाही. तो वाचून दोघीही निश्चिंत झाल्या, तर दुसरीची फसगत होईल.

टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना. उणे २.५ किंवा त्याखाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस, ही सीमा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांतून आली. परंतु घनता म्हणजे मजबुती नव्हे. आपले हाड सतत मोडले आणि बांधले जात असते. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट ती पोकळी भरतात. पोखरणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. रजोनिवृत्तीनंतर तो सैल पडतो आणि पोकळी पूर्ण भरण्याआधीच नवी पडू लागते. आतल्या जाळीचे आडवे दुवे तुटतात. डेक्सा खनिज किती उरले ते मोजते, जाळी कशी तुटली ते तिला दिसत नाही. शिवाय उतारवयात मणक्यांवर हाडांचे काटे वाढले, तर कण्याचा स्कोअर उगाचच चांगला दिसतो.

म्हणून शेफिल्ड विद्यापीठात ‘फ्रॅक्स’ हे गणित तयार झाले. वय, वजन, उंची, आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांचे खुब्याचे फ्रॅक्चर, धूम्रपान, स्टिरॉइड इत्यादी माहितीवरून ते पुढील दहा वर्षांतील फ्रॅक्चरची शक्यता टक्क्यांत सांगते. भारतासाठीही त्याचे स्वतंत्र प्रारूप आहे. वय आणि मोडलेले मनगट यांमुळे दुसरीचा आकडा पहिलीपेक्षा बराच वर जातो. अमेरिकेत खुब्यासाठी ३ टक्के ही औषध सुरू करण्याची मर्यादा मानतात. ब्रिटनमध्ये ती वयानुसार बदलते. पहिलीला बहुधा आहार, व्यायाम आणि काही वर्षांनी फेरतपासणी पुरेल. दुसरीला बहुतेक वेळा अॅलेन्ड्रोनेट दिले जाते: आठवड्यातून एक गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवे न होता. आडवे झाल्यास अन्ननलिका सोलवटू शकते.

आता समजा, दुसरीची उंची चार सेंटिमीटरने घटली आहे आणि एक्स-रेत दोन मणके दबलेले दिसतात. तिला त्याची कल्पनाही नसेल, कारण असे पुष्कळ मणके फारशा वेदनांविना दबतात. फ्रॅक्स ‘पूर्वीचे फ्रॅक्चर’ या प्रश्नाला केवळ हो किंवा नाही एवढेच उत्तर घेते; ते किती झाले, किती अलीकडचे, हे विचारत नाही. वारंवार पडण्याची सवयही त्यात धरलेली नाही. आकडा तोच राहिला, तरी धोका फार मोठा आहे, हे डॉक्टरांनीच ओळखावे लागते. अशा वेळी पोखरण थांबवणाऱ्या औषधाऐवजी आधी हाड बांधणारे टेरिपॅराटाइड, रोजच्या इंजेक्शनने, देण्याचा विचार होतो. ते संपताच अॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट द्यावे लागते, नाहीतर कमावलेले हाड गळून जाते. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब तर याहून नाजूक आहे. त्याचा डोस चुकवला आणि दुसरे औषध सुरू केले नाही, तर दबलेला क्षय उसळून वर येतो आणि काही रुग्णांचे एकाहून अधिक मणके काही महिन्यांतच मोडतात.