चार सेकंद आणि किरचांचा हिशोब

सतराव्या शतकातला हातबॉम्ब म्हणजे बिडाचा पोकळ गोळा. आत बंदुकीची दारू ठासलेली, तोंडाशी लाकडी बूच आणि बुचातून बाहेर डोकावणारी वात. शिपायाने एका हातात गोळा धरायचा, दुसऱ्या हातातल्या जळत्या बत्तीने वात पेटवायची आणि फेकून द्यायचा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६७ साली या कामासाठी खास शिपाई नेमले आणि १६७८ साली इंग्लंडनेही तेच केलं. बीड जड, त्यामुळे उंचेपुरे आणि दणकट दंडाचेच गडी निवडले जात. दोन्ही हात मोकळे करायला बंदूक पाठीवर टाकावी लागे, त्यात रुंद काठाची टोपी अडकायची. म्हणून या पलटणींना बिनकाठाच्या उंच टोप्या मिळाल्या.

या हत्याराला दोन दुखणी होती आणि पुढच्या अडीचशे वर्षांचा इतिहास त्या दोन्हींभोवती फिरतो. पहिलं दुखणं वातीचं. ती दमट झाली तर विझायची, लांब राहिली तर शत्रू गोळा उचलून परत फेकायचा, आखूड झाली तर फेकणाऱ्याच्या हातातच स्फोट. दुसरं दुखणं कवचाचं. बंदुकीची दारू झपाट्याने जळते, पण आधुनिक स्फोटकासारखी एका क्षणात आघात करत नाही. आत वायूचा दाब वाढत जातो, कवच जिथे सर्वांत कच्चं असेल तिथे तडकतं आणि दाब तिथूनच निसटतो. परिणामी गोळ्याचे मोजके, मोठे आणि वेडेवाकडे तुकडे होतात. एखादा तुकडा लांबवरच्या माणसाचा जीव घेतो आणि दोन हातांवर उभा असलेला माणूस साफ वाचतो.

मैदानी लढाईत बंदुकांच्या माऱ्यापुढे जाऊन गोळे फेकणं परवडेना, तेव्हा हातबॉम्ब किल्ल्यांच्या वेढ्यांपुरता उरला. वातीची कटकट टाळायला अमेरिकेच्या यादवी युद्धात केचम नावाचा हातबॉम्ब आला. त्याला मागे पुठ्ठ्याचे पंख होते आणि नाकाची चकती आपटली की तो फुटायचा. अडचण एवढीच की तो नाकावरच पडायला हवा. १८६३ साली पोर्ट हडसनच्या वेढ्यात बचाव करणाऱ्यांनी घोंगड्या ताणून धरल्या, त्यात हे बॉम्ब अलगद झेलले आणि परत फेकले.

पहिल्या महायुद्धात खंदक समोरासमोर आले आणि हातबॉम्बशिवाय चालेना. ब्रिटिशांकडे १९०८ सालचा एक बॉम्ब होता. तोही आपटून फुटणारा, वर लांब वेताची मूठ असलेला. अरुंद खंदकात हात मागे नेला की तो मागच्या भिंतीवर आपटे, आणि आपलीच माणसं मरत. मग शिपाई जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचं भंगार भरून वात लावू लागले. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

१९१५ साली बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांनी हे चित्र पालटलं. मूळ कल्पना लेओन रोलां या बेल्जियन अधिकाऱ्याची होती, तिला भरवशाचं रूप मिल्स यांनी दिलं. बॉम्बच्या अंगाला लागून एक खटका, आणि त्याला जागेवर धरणारी पिन. पिन काढली तरी मुठीत खटका दाबलेला आहे तोवर काही होत नाही. बॉम्ब हातातून सुटला की खटका उडतो, आतली स्प्रिंग सुटते आणि तिच्या ठोक्याने आतली वात पेटते. ही वात कारखान्यात ठरावीक मापाने केलेली. म्हणजे घड्याळ सुरू कधी करायचं हे फेकणाऱ्याच्या हाती आलं आणि काडी, बत्ती, पाऊस यांची बाधा संपली. पहिल्या महायुद्धात असे सात कोटींहून जास्त बॉम्ब तयार झाले.

तरी किती सेकंद, हा प्रश्न राहिलाच. नंतरच्या ३६ नंबरच्या बॉम्बची वात सात सेकंदांची होती. १९४० साली फ्रान्समध्ये लढताना कळलं की तेवढ्या वेळात शत्रू पळतो किंवा बॉम्ब परत फेकतो. म्हणून ती चार सेकंदांवर आणली.

मिल्सच्या बॉम्बवरचे अननसासारखे चौकोन सगळ्यांनी सिनेमात पाहिलेले असतात. त्या खाचांवर कवच फुटून सारखे तुकडे होतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. त्या खाचा पकड चांगली बसावी म्हणून होत्या. तीव्र स्फोटकाचा आघात आतून होतो आणि बीड ठिसूळ, त्यामुळे काही भागाचा भुगा होतो आणि काही भाग जाड ढेकळासारखा सुटतो. भुगा दोन पावलांवर निकामी होतो. जाड तुकडा, विशेषतः बुडाचं झाकण, शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकतं. माणूस बॉम्ब फेकतो साधारण तीस मीटर. म्हणून फेकणाऱ्याला आडोसा लागतोच.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव असेच उघड्यावर सापडले होते. त्यांनी एक मशीनगन बंद पाडली, हाताला गोळी लागली आणि बंदूक चालवता येईना. मग ते हातबॉम्ब घेऊन पुढे गेले आणि आणखी दोन मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. मध्येच बॉम्ब संपले, तेव्हा बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन त्यांनी सोबत्यांकडून नवे घेतले. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या धाडसाची खरी मोजदाद करायची तर हे ध्यानात घ्यावं लागतं, की जखमी हाताचा फेक छोटा पडतो आणि बॉम्बच्या किरचा शत्रू आणि आपण असा भेद करत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांनी कवचाचा विचारच उलटा केला. एम-२६ या बॉम्बचं बाहेरचं कवच पातळ पत्र्याचं केलं आणि आत ठरावीक अंतरावर खाचा पाडलेल्या तारेचं वेटोळं बसवलं. चिक्की गरम असतानाच सुरीने रेघा पाडून ठेवल्या की नंतर ती रेघांवर मोडते, तशी ही तार खाचांवर तुटते. तुकडे लहान, पुष्कळ आणि जवळपास सारखे. लहान तुकडा सुरुवातीला प्रचंड वेगात असतो, पण हवेच्या विरोधाने त्याचा वेग लवकर मरतो. त्यामुळे जवळ मारा दाट होतो आणि लांबचा धोका घटतो. घटतो म्हणजे नाहीसा होत नाही. नंतरच्या गोल एम-६७ बॉम्बची जखमी करण्याची त्रिज्या पंधरा मीटर धरतात, तरी एखादी किरच दोनशे मीटरच्या पुढे जाऊ शकते, असं सैन्य आपल्या जवानांना बजावतं.

भारतीय सैन्याने ३६ नंबरचा बॉम्ब स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं वापरला. त्याच्या जागी डीआरडीओच्या चंडीगडच्या प्रयोगशाळेने नवा बॉम्ब घडवला. नागपूरच्या एका खासगी कारखान्याला दहा लाख नगांचं कंत्राट मिळालं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरातच पहिला साठा सैन्याच्या हवाली झाला. यात किरचा आधीच घडवलेल्या असतात. कवच कसं फुटेल यावर काही सोडलेलं नाही. आडोशामागून शत्रूला थोपवायचं असेल तर बॉम्ब किरचांसह वापरायचा. जवान स्वतः उघड्यावर चाल करून जात असेल, तर किरचांविना नुसत्या स्फोटाच्या धक्क्याने शत्रूला सुन्न करण्यासाठी तोच बॉम्ब कामी येतो. जर्मनांनीही १९४२ साली आपल्या दांड्याच्या बॉम्बवर किरचांचं वेगळं कडं चढवून हीच सोय केली होती. फरक असा की ते कडं मूळ बॉम्बला नंतर दिलेली जोड होती, आणि इथे दोन्ही वापर आराखड्यातच धरलेले आहेत.